सैद्धांतिक चौकटीतला अनाथ रकाना

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते सौसरच्या एका अंगणात, संत्र्यांच्या टोपल्यांच्या शेजारी, नापास झालं. विषय होता वर्गातले प्रश्न. शिक्षक वर्गात कसले प्रश्न विचारतात, विचारून झाल्यावर किती थांबतात, आणि त्यानं मुलींच्या उत्तरांवर काय फरक पडतो. मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या मराठी शाळेत आठवीला भूगोल आणि मराठी शिकवत होते. दिवसाला शंभरेक प्रश्न तरी विचारत असेन. त्यामुळे हा विषय म्हणजे आपल्या हातचा मळ, अशा तोऱ्यात मी नाव नोंदवलं होतं. तोरा पहिल्या सहा महिन्यांत उतरला.

माझे मार्गदर्शक नागपूरच्या एका अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक होते, पण मूळचे सौसरचे. शनिवारी रात्री घरी यायचे, सोमवारी पहाटे परत. त्यामुळे माझी वारी रविवारची. सकाळच्या बसनं सौसर, दुपारच्या बसनं परत. सर वर्गात म्हणे फार शुद्ध बोलत. अंगणात खाटेवर बसले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची आणि त्या बोलीत ते मला फार सुखानं झोडपायचे.

त्या वर्षीच्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. जानेवारीतच त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "बाई, पहिलं प्रकरण झालं. बाकीचं मी निवृत्तीनंतरही पाहीन. पण हे सैद्धांतिक चौकटीचं प्रकरण माह्या सहीनं मार्चच्या आत विद्यापीठात गेलं पाहिजे. नाही गेलं तर तुमची नोंदणी कोणी दुसरा घेईन, असं मले वाटत नाही."

मलाही वाटत नव्हतं. पांढुर्ण्याच्या शाळामास्तरणीला, तीही लग्न झालेली, दोन लेकरांची, कोण उचलून घेणार होतं? माझे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी रूळ ठोकून मला शिकवलं. घरात पदवीधर मीच पहिली आणि वस्तीतसुद्धा. 'डॉक्टर' ही अक्षरं नावापुढे लागावीत ही माझी हौस होती, हे मी कबूल करते. हौस म्हणून सांगते, ध्येय वगैरे म्हणत नाही.

पहिल्या खेपेला मी जे लिहिलं ते पासष्ट पानांचं होतं. प्रश्नांविषयी जगात कोणी काय म्हटलं ते सगळं मी त्यात घातलं होतं. प्रश्नांच्या बोधात्मक पातळ्या, म्हणजे नुसती आठवण तपासणारा प्रश्न वेगळा आणि विचार करायला लावणारा वेगळा. प्रतीक्षा-काळ, म्हणजे प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत शिक्षक जेवढा गप्प राहतो तेवढे सेकंद. खोदून विचारणं. प्रबलन, म्हणजे उत्तराला दिलेली शाबासकी. सगळं ओळीनं. सरांनी पानं चाळली, संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"ही लग्नातल्या पाहुण्यायची यादी झाली," ते म्हणाले. "सगळे मोठे मोठे आले. पण कोण कोणाचा सोयरा हाय, हे कुठी हाय?"

मग त्यांनी मला शिकवलं ते असं. प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक संकल्पनेला तिचा चल पाहिजे, म्हणजे अभ्यासात आपण जे मोजणार आहोत ते. बोधात्मक पातळी ही संकल्पना, तर तिचा चल काय? एका तासातल्या एकूण प्रश्नांपैकी विचार करायला लावणारे प्रश्न किती. तो स्वाश्रयी चल, म्हणजे ज्याचा परिणाम बघायचा तो. विद्यार्थ्यांचा सहभाग ही संकल्पना, तिचा चल उत्तरातले शब्द आणि स्वतःहून उत्तर देणाऱ्या मुलींची संख्या. तो आश्रयी चल, म्हणजे ज्याच्यावर परिणाम दिसतो तो. आणि या दोघांमध्ये रेघ ओढायची असेल तर ती का ओढली, हे सिद्धांतानं सांगायला पाहिजे. ज्या संकल्पनेला चल नाही ती कितीही गोड असली तरी बाहेर.

दुसऱ्या खेपेला मी पासष्टची अठ्ठावीस पानं केली आणि शेवटी एक मोठी आकृती काढली. चौकोनच चौकोन आणि सगळ्यांतून सगळ्यांकडे बाण. माझ्या धाकट्यानं ती पाहून विचारलं होतं की हे विजेचे खांब कुठले. सरांनी तसं विचारलं नाही. ते नुसते म्हणाले, "बाई, जे सगळ्यायले लागून हाय ते कोणालेच लागून नसते. पाच बाण ठेवा. प्रत्येक बाणाचा जाब द्या."

मला राग आला. मला पटकन येतो. बसमध्ये मी एका बाईवर तिच्या पिशवीवरून उगीच वसकन ओरडले. पण रामाकोन्याच्या शाळेत मी पाठ निरीक्षणाला गेले होते, तिथल्या नोंदी त्या रात्री पुन्हा काढून बसले आणि खरंच पाच बाण राहिले. बोधात्मक पातळीपासून उत्तराच्या लांबीपर्यंत एक. प्रतीक्षा-काळापासूनही तिथेच, कारण विचाराला वेळ मिळाला तर उत्तर भरतं. असे मोजके. प्रत्येकाखाली मी 'का' लिहिलं, आणि चलाची कार्यात्मक व्याख्या, म्हणजे दुसऱ्या कोणी मोजलं तरी तेच येईल अशी. प्रतीक्षा-काळासाठी मी लिहिलं की प्रश्नाचा शेवटचा शब्द संपल्यापासून सेकंद मोजायचे, आणि शिक्षकानं मध्येच प्रश्न पुन्हा उच्चारला तर तिथे मोजणी संपली. ही व्याख्या वाचून सरांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळालं की माझं आठवडाभर भागायचं.

तिसऱ्या खेपेला मी तक्ता घेऊन गेले. डाव्या रकान्यात संकल्पना, मग चल, मग व्याख्या, मग मोजायचं साधन. माझी खात्री होती की आज सही होणार. मी चक्क घरून निघताना चिवडा नेला होता.

सरांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथे चलाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'प्रश्नांचे वाटप'. साधनाच्या रकान्यात 'बैठक-नकाशा'. म्हणजे वर्गातल्या बाकांचा नकाशा, प्रत्येक मुलीचं एक घर, आणि जिला प्रश्न विचारला तिच्या घरात एक रेघ. डावीकडचा संकल्पनेचा रकाना कोरा होता.

"हा अनाथ कोणाचा?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, ते राहिलं. मग म्हटलं, ते सगळ्यांनाच माहीत असतं, शिक्षक ठरावीक पोरींनाच विचारतात.

"सगळ्यायले माहीत हाय, हा सिद्धांत नाही. मापायचं आधी आलं अन् विचार मागून येऊन राहिला. एक तर काढून टाका, नाही तर सांगा, वाटपाचा सहभागाशी संबंध काऊन."

काढून टाकायला मी तयार नव्हते. सर म्हणाले, काऊन? चिवड्याचा डबा तसाच बंद होता. मग माझ्या तोंडून निघून गेलं. मी पाचवी ते आठवी ज्या वर्गांत बसले, त्या चार वर्षांत मला कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. मारलं नाही, बोललं नाही, वाईट वागवलं नाही. विचारलंच नाही. आमच्या वस्तीतल्या आम्ही तिघी मागच्या बाकावर होतो, आणि मास्तरांची नजर आमच्या अलीकडच्या बाकापर्यंत येऊन मागे वळायची. मला उत्तरं यायची. ती मी घरी जाऊन आईला सांगायची, आणि आई भाकरी थापत 'बरोबर' म्हणायची, तिला अक्षर येत नव्हतं तरी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

सरांनी संत्र्याच्या साली गोळा केल्या. मग म्हणाले, "हे तुमची आठवण झाली बाई. हे मनोगतात लिहा, मी एक अक्षर काढणार नाही. पण चौकटीत आठवण नाही चालत. त्या मास्तराच्या आत काय होतं, ज्याच्यानं त्याची नजर वळे? त्याले नाव द्या. अन् ते असं पाहिजे का खोटं असलं तर खोटं ठरवता आलं पाहिजे."

घरात जाऊन त्यांनी एका शिक्षणविषयक नियतकालिकाचे जुने अंक आणून दिले. तिगावच्या आमच्या एका नातेवाइकाकडे त्या आठवड्यात लग्न होतं. मी लग्नाच्या मांडवात बसून ते अंक वाचले. माझी नणंद अजून त्यावरून बोलते.

नाव सापडलं. शिक्षकाची अपेक्षा. कोणाकडून काय होईल याचा शिक्षकाच्या मनात एक अंदाज असतो, त्या अंदाजाप्रमाणे तो वागतो, जिच्याकडून आशा कमी तिला प्रश्न कमी आणि थांबणंही कमी, आणि ती मुलगी हळूहळू त्या अंदाजासारखीच होऊन बसते. मी वाचलं आणि मला एकदम हलकं वाटलं. माझा अनाथ रकाना भरला. अपेक्षा हा स्वाश्रयी चल, वाटप मधला, सहभाग आश्रयी. मधल्या चलातून जाणारा असा बाण माझ्या आकृतीत आधी नव्हता. अपेक्षा मोजायची कशी, तेही ठरवलं. निरीक्षणाच्या आधीच शिक्षकाकडून वर्गाची यादी भरून घ्यायची. वार्षिक परीक्षेत कोणाला किती गुण पडतील असं वाटतं, त्याप्रमाणे वरच्या, मधल्या, खालच्या अशा तीन गटांत मुली वाटायच्या. मग बैठक-नकाशा मांडून बघायचं.

साधन आधी छोट्या प्रमाणावर करून पाहायचं असतं. मी आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना गळ घातली की तुमच्या वर्गात तीन तास बसू द्या. या बाई माझ्या मैत्रीण, पण तोंडानं फटकळ.

"अवो, माह्या वर्गात कायले? आधी तुमच्या वर्गात मी बसतो. तुमी यादी भरा अन् मले नकाशा द्या. मंग माह्या वर्गात या."

मला गंमतच वाटली. मी यादी भरली. छत्तीस मुली, तीन गट, दहा मिनिटांत. बाई रोज एक असे तीन तास मागे स्टुलावर बसून रेघा मारत होत्या. मी त्या तीन दिवसांत जरा नटूनच शिकवलं. थांबत होते, खोदून विचारत होते, समोरच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत फिरत होते. मला माहीत होतं ना काय मोजलं जातंय ते.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. पाच घरं रिकामी होती. तीन तासांत एकही रेघ नाही.

"या पाची पोरी कोणत्या गटातल्या तुमच्या?" त्यांनी विचारलं.

मी यादी काढली. पाचांतल्या चार मधल्या गटात, एक तर वरच्या. खालच्या गटातली एकही नव्हती. उलट खालच्या गटातल्या मुलींना मी भरपूर विचारलं होतं, दामटून दामटून. म्हणजे माझा सिद्धांत माझ्याच वर्गात बसत नव्हता. मी लगेच तावातावानं सांगायला लागले की मग अपेक्षेचा काही संबंध नाही, हा योगायोग आहे, तीनच तास झालेत, आणखी तास पाहिजेत.

बाई पोळीचा घास घेत म्हणाल्या, "संबंध नसन. पण या पाचही सावरगावच्या वस्तीतल्या हायत. तुमच्या माहेरच्या. तुमीच त्याह्यले विचारत नाही, हे पाहून मले नवल वाटलं."

मी डबा बंद केला. पाचही मुली माझ्या ओळखीच्या होत्या. एक तर माझ्या आईच्या शेजारची, घरी मला मावशी म्हणणारी. आणि मला त्यांना का विचारलं नाही ते लख्ख माहीत होतं. उभी केली आणि उत्तर आलं नाही तर सगळा वर्ग हसेल. आपली पोर आहे, कशाला चारचौघांत उघडी पाडा. लेखी पेपरात ती लिहील, मला खात्रीच होती, म्हणून तर मधल्या गटात घातली. माझी माया होती ती. मला स्वतःची इतकी चीड आली की मी त्या दिवशी सहावा तास घेतलाच नाही, मुलींना भारताचा नकाशा भरायला लावला.

सगळ्यात जास्त टोचलं ते दुसरंच. माझ्या मास्तरांच्या मनात काय होतं, हे मी तीस वर्षं ठरवून बसले होते. आता मला ते ठरवता येईना. त्यांनाही कदाचित माया असेल. नसेलही. मागच्या बाकावर बसून दोन्ही सारखंच दिसतं.

रात्री मी जेवून तक्ता पुढे घेतला. रडून झालं होतं, आता काम. संकल्पना चुकली नव्हती, माप चुकलं होतं. मी अपेक्षा म्हणजे गुणांचा अंदाज धरला होता. पण प्रश्न विचारताना शिक्षकाच्या मनात गुण नसतातच. त्याच्या मनात असतं की ही उभी राहील का, बोलेल का, सगळ्यांसमोर निभावेल का. म्हणजे शिक्षकाला तेच विचारलं पाहिजे. मी कार्यात्मक व्याख्या खोडली आणि नवी लिहिली: 'सबंध वर्गासमोर अचानक प्रश्न विचारल्यास ही विद्यार्थिनी उभी राहून उत्तर देऊ शकेल, याबद्दल शिक्षकाने निरीक्षणापूर्वी नोंदवलेला अंदाज.' मग कोऱ्या कागदावर माझ्याच छत्तीस मुलींची यादी पुन्हा भरली. जे झालं ते झाल्यावर भरलेली यादी पुरावा म्हणून चालत नाही, हे मला कळत होतं. तरी भरली. पाचही पोरी सगळ्यात खाली गेल्या.

गणिताच्या बाईंच्या वर्गात मग मी नवी यादी आधी भरून घेऊनच बसले. त्यांच्याकडे सात घरं रिकामी निघाली, आणि त्यातली सहा त्यांच्याच यादीच्या तळाशी होती. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी सौसरला गेले. सरांनी सगळं प्रकरण बसून वाचलं, एकोणीस पानं. शेवटच्या ओळीपाशी येऊन ते मागे गेले, व्याख्या परत वाचली.

"गुणायच्या अंदाजाची व्याख्या होती ना? हे कुठून आणली?"

"छोटी चाचणी केली सर. माप बसलं नाही."

"कोणाच्या वर्गात?"

"माझ्या," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, मायेपर्यंत.

सर हसले नाहीत आणि झोडपलंही नाही. त्यांनी पेन मागितलं. "लिहून टाका तेही," ते म्हणाले. "व्याख्या कशी बदलली, ते प्रकरणातच पाहिजे. मनोगतात नाही." आणि पहिल्या पानावर सही केली. माझी नोंदणी टिकली. मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत होते, एवढं आठवतं.

सोमवारी आठवीवर भूगोल. नद्यांचा धडा. मी प्रश्न टाकला: आपली जाम नदी उन्हाळ्यात वरून कोरडी दिसते, मग काठच्या लोकांना पाणी कुठून मिळतं? नेहमीचे हात वर झाले. मी त्यांच्यावरून नजर पुढे नेली आणि मागच्या बाकावरच्या, आईच्या शेजारच्या त्या पोरीचं नाव घेतलं.

ती उठली नाही. तिनं आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"बाई, मले विचारून राहिल्या?"

"हो. तुलाच."

ती उभी राहिली. मी मनात सेकंद मोजायला लागले. तीन, चार. समोरच्या बाकांवरून 'बाई मी, बाई मी' सुरू झालं. सहा. माझ्या जिभेवर 'बरं, बस खाली' आलं होतं, आणि मी ते कसं गिळलं ते माझं मला माहीत. आठव्या सेकंदाला ती म्हणाली, "पाणी वाळूच्या खालून चालते ना बाई. वरचं आटलं तरी खालचं राहते. आमी हातानं झिरा खणतो, थोडं थांबलं का भरते. पयलं गढूळ येते, ते फेकून द्याचं."

पुस्तकात एवढं नव्हतं. वर्ग हसला नाही. मी 'छान, अगदी बरोबर' म्हटलं आणि तिला बसायची खूण केली.

ती बसेना. बाकाची कड धरून तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत.

"अजून एक विचारा ना, बाई."

माझ्याकडे तिच्यासाठी दुसरा प्रश्न तयार नव्हता.